बँक जुळवणीचा व्हिडिओ: चौकटीत काय येतं, काय येत नाही

४ ऑगस्ट

आजपासून काम सुरू. नव्याने रुजू होणाऱ्यांना बँक जुळवणी शिकवायची आहे. हिशेबाच्या प्रोग्रॅममधली एकेक नोंद बँकेच्या पानावर शोधायची, सापडली की इकडे खूण करायची, एवढाच विषय. बारा मिनिटांत बसेल. अडचण कामातच आहे: जुळवणी करताना बँकेची खिडकी उघडी असावीच लागते, आणि व्हिडिओत नेमकी तीच नको. खातेवही शिकणाऱ्यांना दिसली तर हरकत नाही, उद्यापासून ते तीच उघडणार आहेत. पण खाते क्रमांक, शिल्लक, लॉगिन, ओटीपी यांतलं काहीही दिसता कामा नये.

मागच्या व्हिडिओला आम्ही पूर्ण स्क्रीन रेकॉर्ड केली होती आणि नंतर बँकेच्या भागावर धूसर पट्टी चढवली होती. तयार व्हिडिओत सगळं व्यवस्थित झाकलेलं होतं. मूळ रेकॉर्डिंग मात्र सामायिक फोल्डरमध्ये तीन आठवडे तसंच पडून होतं, आणि त्यात सगळं वाचता येत होतं. ते माझ्या लक्षात आलं तेव्हा पोटात गोळा आला. म्हणून यावेळी ठरवलं आहे की झाकायचं नाही, मुळात घ्यायचंच नाही. स्क्रीनचा एक आयत ठरवायचा आणि तेवढाच रेकॉर्ड करायचा. आयताबाहेरचे पिक्सेल फाइलपर्यंत पोहोचतच नाहीत, त्यामुळे मूळ फाइल कुणाच्या हाती लागली तरी त्यांतून काही निघणार नाही.

फक्त हिशेबाच्या प्रोग्रॅमची खिडकी पकडावी का, असा विचार केला होता. करून पाहिलं, तर ड्रॉपडाउन मेन्यू रेकॉर्डिंगमध्ये आलेच नाहीत, कारण मेन्यू ही वेगळी खिडकी असते. शिकणाऱ्याला नेमका मेन्यूच बघायचा असतो. तेव्हा आयतच. या नोंदींत त्याला चौकट म्हणतो.

५ ऑगस्ट

स्क्रीन १९२० बाय १०८०. चौकट १२८० बाय ७२०, डावी कड २० वर, वरची कड ३४० वर. म्हणजे चौकट उजवीकडे १३०० ला आणि खाली १०६० ला संपते. डेस्कटॉपची पट्टी वर नेली. उजवीकडे उरलेल्या ६२० पिक्सेलच्या पट्ट्यात बँक. तिथे बँकेचं पान मोबाइलवर दिसतं तसं आक्रसतं, पण बँकेची बाजू सांभाळणाऱ्या ताईंना नोंदी वाचायला तेवढं पुरतं.

चौकट खाली ओढण्यामागे कारण आहे. या मशीनवर सूचना उजव्या वरच्या कोपऱ्यात येतात आणि डेस्कटॉपची पट्टी वर आहे. वरचे ३४० पिक्सेल मोकळे सोडले की हे सगळं चौकटीबाहेर पडतं. ताई म्हणाल्या, "अरे, एवढी जागा वाया का घालवतोस?" ती जागा वाया नाही, तो माझा बांध आहे.

कमांड अशी:

```
ffmpeg -f x11grab -framerate 30 -video_size 1280x720 \
  -show_region 1 -i :0.0+20,340 \
  -c:v libx264 -preset veryfast -crf 20 \
  -pix_fmt yuv420p 02.mkv
```

`-show_region 1` मुळे चौकटीभोवती बारीक रेघ दिसते. रेघ चौकटीच्या बाहेरून काढली जाते, रेकॉर्डिंगमध्ये येत नाही. डावी कड ० ऐवजी २० ठेवली ती यासाठीच, नाहीतर डावीकडची रेघ स्क्रीनबाहेर जाते आणि कड कुठे आहे ते डोळ्याला कळत नाही. सुरुवातीला मी माउसने ओढून चौकट घेतली होती. ती १२८३ बाय ७१९ आली आणि `width not divisible by 2` असं सांगून रेकॉर्डिंग सुरूच झालं नाही. `yuv420p` ला दोन्ही मापं सम लागतात. आकडे हाताने लिहिलेलेच बरे.

जुन्या स्क्रिप्टमध्ये `-follow_mouse centered` होतं, ते काढून टाकलं. त्याने चौकट माउसच्या मागे सरकते. माउस बँकेच्या खिडकीवर गेला की चौकटही तिकडे जाणार, मग मोजमाप कशासाठी केलं?

लॉगिन करताना Xorg सेशन निवडायचं लक्षात ठेवायला हवं. वेलँडवर `x11grab` ला बहुतेक खिडक्या दिसत नाहीत आणि काळं चित्र मिळतं.

७ ऑगस्ट

पहिली रंगीत तालीम. ताई बँकेच्या पट्ट्यात, मी चौकटीत. चार मिनिटं सुरळीत गेली. पाचव्या मिनिटाला ताईंनी उताऱ्यावर क्लिक केलं आणि पीडीएफ वेगळ्या खिडकीत उघडली, थेट स्क्रीनच्या मधोमध. स्क्रीनचा मध्य म्हणजे ९६०, ५४०. तो चौकटीच्या आतच आहे. खाते क्रमांक आणि शिल्लक, दोन्ही ठळक अक्षरांत रेकॉर्ड झाले.

इथे एक गोष्ट नीट समजून घेतली. मी मनातल्या मनात "हिशेबाचा प्रोग्रॅम रेकॉर्ड करतोय" असं धरून चाललो होतो. रेकॉर्डरला प्रोग्रॅम वगैरे काही ठाऊक नाही. त्याला फक्त जागा ठाऊक आहे. त्या जागेवर त्या क्षणी जे रंगवलेलं असेल ते तो उचलतो, मग ते कुणाचं का असेना. बँकेची खिडकी कडेला ठेवली म्हणून बँकेने उघडलेली पुढची खिडकीही कडेलाच राहील, असं काही नाही. नवी खिडकी कुठे बसवायची ते खिडक्या मांडणारा प्रोग्रॅम ठरवतो आणि त्याचा ओढा मध्याकडे असतो. साठवलेल्या पासवर्डांची पेटी, म्हणजे किरिंग, उघडण्यासाठी पासवर्ड मागणारा डबाही मध्यावरच येतो.

उपाय दोन केले. बँकेच्या ब्राउझरमध्ये पीडीएफ बाहेरच्या प्रोग्रॅमला न देता टॅबमध्येच उघडेल असं सेटिंग केलं. आणि रेकॉर्डिंगआधी किरिंग एकदा उघडून ठेवायची, म्हणजे मध्येच पासवर्ड मागितला जाणार नाही. तालमीची फाइल लगेच पुसली, कचरापेटीतूनही.

८ ऑगस्ट

आजचा दिवस एकाच गोष्टीत गेला, पण जावा अशीच ती गोष्ट होती.

हिशेबाचा प्रोग्रॅम ब्राउझरमध्ये चालतो. टॅबची नावं आणि पत्त्याची पट्टी दिसू नये म्हणून मी ब्राउझरची खिडकी वर सरकवली होती, इतकी की टॅब आणि पट्टी ३४० च्या वर राहतील आणि पानाचा मजकूर चौकटीत सुरू होईल. `xwininfo` ने खिडकीची जागा तपासली, एक फ्रेम काढून पाहिली, कड अगदी स्वच्छ होती. आपण फार हुशारीचं काम केलं असं वाटलं.

मग लॉगिन करून पाहिलं. लॉगिन झाल्याक्षणी ब्राउझरने पत्त्याच्या पट्टीतून एक फुगा खाली सोडला: पासवर्ड जतन करायचा का? पट्टी चौकटीबाहेर आहे, फुगा मात्र खाली लोंबतो आणि चौकटीत येतो. त्यात वापरनाव पूर्ण वाचता येत होतं. पासवर्ड ठिपक्यांत होता, पण शेजारी डोळ्याचं चिन्ह, एक क्लिक आणि उघडा. ठिपके मोजले तर पासवर्डची लांबीही कळते.

त्यानंतर मुद्दाम शोधायला बसलो की वरून खाली आणखी काय काय गळतं. पत्त्याच्या पट्टीत एक अक्षर टाईप केलं, तर सुचवण्यांची यादी खाली पसरली आणि दुसऱ्याच ओळीत बँकेच्या लॉगिन पानाचा पत्ता. वापरनावाच्या रकान्यावर क्लिक केलं, तर रकान्याखाली जतन केलेल्या सगळ्या वापरनावांची यादी उघडली, ताईंच्या आणि माझ्याही. डाउनलोडची यादी वरच्या उजव्या बटणाला लटकते, तिच्यात उताऱ्याच्या फाइलचं नाव, आणि बँकेने त्या नावातच खाते क्रमांकाचे आकडे घातलेले.

या सगळ्यांचा उगम चौकटीबाहेर आहे आणि सांडणं चौकटीत. चौकट ठरवताना मी खिडक्या कुठे आहेत ते पाहत होतो. पाहायला हवं होतं ते कुठली गोष्ट उघडल्यावर कुठपर्यंत पसरते ते. बँकेच्या पट्ट्यातल्या याद्याही डावीकडे पसरू शकतात. एक पसरली, सुदैवाने १३०४ ला थांबली. चार पिक्सेलांचं अंतर.

चौकट आणखी खाली नेण्याने हे सुटत नाही. फुगा अडीचशे-तीनशे पिक्सेल उंच असतो, तेवढी जागा सोडली तर शिकवायला काही उरत नाही. म्हणून गळती उगमाशीच बंद केली. रेकॉर्डिंगसाठी फायरफॉक्सची वेगळी, कोरी प्रोफाइल:

```
firefox --no-remote -P shikshan
```

तीत `about:config` मध्ये `signon.rememberSignons` आणि `browser.urlbar.suggest.history` हे दोन्ही `false`. कोऱ्या प्रोफाइलमध्ये सुचवायला इतिहासच नसतो, त्यामुळे दुसरं सेटिंग हा दुहेरी बंदोबस्त. बँक वेगळ्या प्रोफाइलमध्ये, ताईंच्या नेहमीच्या. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. पुन्हा सगळे फुगे उघडायचा प्रयत्न केला, एकही आला नाही.

११ ऑगस्ट

ताईंनी त्यांच्या लॅपटॉपवर हाच प्रयोग केला आणि पत्त्याच्या पट्टीची खालची कड रेकॉर्डिंगमध्ये आली. त्यांच्या मशीनवर विंडोज आहे आणि डिस्प्ले १२५ टक्क्यांवर. त्यांनी वापरलेलं मोजपट्टीचं टूल वाढवलेल्या मापात आकडे देत होतं, रेकॉर्डर खरे पिक्सेल मोजत होता. टूल म्हणालं वरची कड १२० वर. खऱ्या पिक्सेलांत ती १५० वर होती. चौकट तीस पिक्सेल वर चढली आणि नेमकी पट्टीत घुसली.

हिशेब सोपा आहे, मापाला सव्वाने गुणायचं. तरी ताईंना म्हटलं, "ताई, तुम्ही आकड्यावर विश्वासच ठेवू नका. सुरुवात करण्याआधी एक फ्रेम काढा आणि चारही कडा बघा." त्याला दोन सेकंद लागतात:

```
ffmpeg -f x11grab -video_size 1280x720 -i :0.0+20,340 \
  -frames:v 1 kada.png
```

विंडोजवर `x11grab` च्या जागी `gdigrab`, आणि जागा `-offset_x`, `-offset_y` ने द्यायची. रेकॉर्डिंग माझ्याच मशीनवर करायचं ठरलं.

१३ ऑगस्ट

प्रत्यक्ष रेकॉर्डिंग.

लॉगिनचं पान शिकवायचं आहे, पासवर्ड टाईप करताना दाखवायचं नाही. पॉज करू, असं आधी म्हणत होतो. पण पॉज विसरला जातो. दोन तालमींत दोनदा विसरलो. म्हणून फाइलीच वेगळ्या केल्या. `01.mkv` रिकाम्या लॉगिन पानावर संपते. मग रेकॉर्डर पूर्ण बंद, चौकटीची रेघ गायब झालेली दोघांनी पाहायची, आणि मगच पासवर्ड. `02.mkv` लॉगिननंतरच्या पहिल्या पानावर सुरू. दोन्हींचं माप आणि सेटिंग एकच असल्याने नंतर चित्राला धक्का न लावता जोडता येतात:

```
ffmpeg -f concat -safe 0 -i yadi.txt -c copy purna.mkv
```

दाबलेल्या की स्क्रीनवर दाखवणारा प्रोग्रॅम आज मुळीच चालू केला नाही. शिकवण्याच्या व्हिडिओत तो बरा दिसतो, पण रकान्यात ठिपके असले तरी तो खरी अक्षरं मोठ्या टाइपात दाखवतो. आणि मायक्रोफोनही बंद. चौकट फक्त चित्राला असते. ताईंना ओटीपी मोठ्याने वाचायची सवय आहे. आवाज नंतर वेगळा भरणार.

दुसरी फाइल बारा मिनिटांची झाली. ताई उजव्या पट्ट्यात नोंद शोधत होत्या, बोटाने मला रक्कम दाखवत होत्या, मी चौकटीत खूण करत होतो. माउस एकदाही रेघेपलीकडे गेला नाही. दोघंही खूश होतो.

१४ ऑगस्ट

तपासणी. बारा मिनिटं, सेकंदाला ३० फ्रेम, म्हणजे २१,६०० फ्रेम. व्हिडिओ नुसता पाहून भागत नाही, कारण डोळा माउसच्या मागे जातो आणि अर्ध्या सेकंदाची गोष्ट निसटते. म्हणून सेकंदाला चार फ्रेम काढून एका पानावर तीस बसवल्या, सहा आडव्या आणि पाच ओळी:

```
ffmpeg -i 02.mkv \
  -vf "fps=4,scale=320:-2,tile=6x5" tapas_%03d.png
```

२,८८० फ्रेम, ९६ पानं. या मापात अक्षरं वाचता येत नाहीत, पण आकार दिसतो. जिथे पांढरा चौकोन नको तिथे उगवला की लगेच नजरेत भरतो. पाव सेकंदापेक्षा जास्त टिकलेली कुठलीही गोष्ट किमान एका चित्रात सापडतेच.

पान ३७, तिसरी ओळ. दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या चित्रात माउसजवळ एक छोटी यादी. वेळ काढली: आधीची ३६ पानं म्हणजे १०८० फ्रेम, त्या पानावर आधीच्या १३, एकूण १०९३, भागिले चार. २७३.२५ सेकंद, म्हणजे ४ मिनिटं ३३. त्या जागी मूळ फाइल उघडली. क्लिपबोर्डचा इतिहास दाखवणारी यादी होती. बिल क्रमांक चिकटवताना बोट चुकून त्या शॉर्टकटवर पडलं होतं. वरच्या ओळीत बिल क्रमांक आणि खालच्या ओळीत हिशेबाच्या प्रोग्रॅमचा पासवर्ड, ठिपके नाहीत, सरळ अक्षरं. लॉगिनच्या वेळी मी तो पासवर्ड मॅनेजरमधून कॉपी केला होता. रेकॉर्डर तेव्हा बंद होता, पण क्लिपबोर्डने तो जपून ठेवला होता.

पाऊण सेकंद. काल आम्ही दोघं समोर बसलो होतो, एकालाही दिसलं नाही.

आधी पासवर्ड बदलला. फाइल अजून कुणाला गेलेली नाही, तरीही. मग वाटलं, तेवढा तुकडा कापू: ४:३२ पर्यंतचा एक भाग, २७४.५ सेकंदांपासून दुसरा. चित्र पुन्हा एनकोड न करता, `-ss 274.5` आणि `-c copy` वापरून दुसरा भाग एमपी४ मध्ये काढला. चालवून पाहिला तर बरोबर २७४.५ पासून सुरू. तरी शंका होती म्हणून असं उघडलं:

```
ffmpeg -ignore_editlist 1 -i bhag2.mp4 \
  -t 10 -vf fps=4 lapleli_%03d.png
```

यादी तिथेच होती. पासवर्डसकट.

कारण असं. एनकोड न करता कापताना सुरुवात कीफ्रेमवरच, म्हणजे आधीच्या फ्रेमवर न विसंबणाऱ्या पूर्ण चित्रावरच, करावी लागते. `libx264` आपणहून २५० फ्रेमपर्यंत कीफ्रेम टाकत नाही, म्हणजे सेकंदाला तीसच्या हिशेबाने सव्वाआठ सेकंदांहून थोडं जास्त. स्थिर पडद्यावर मध्ये वेगळी कीफ्रेम सहसा पडत नाही. २७४.५ च्या आधीची कीफ्रेम ८००० व्या फ्रेमवर, २६६.६७ सेकंदांना. तिथपासूनचं सगळं फाइलमध्ये आलं, आणि एमपी४ ने फक्त एक टीप लिहिली की सुरुवातीचे आठेक सेकंद दाखवू नका. प्लेअर ती टीप पाळतो. पाळायलाच हवी अशी सक्ती कुणावर नाही. म्हणजे मागच्या वेळच्या धूसर पट्टीखालच्या मूळ फाइलसारखंच, फक्त यावेळी ते तयार फाइलच्याच पोटात.

पुन्हा एनकोड करून कापलं असतं तर हे फ्रेम खरोखर गेले असते. पण ताई म्हणाल्या, "अरे, नव्यानेच करू. मला रात्री झोप लागायला हवी." मलाही.

१६ ऑगस्ट

`02.mkv` नव्याने रेकॉर्ड केली. रेकॉर्डिंगआधी क्लिपबोर्डच्या इतिहासाचा प्रोग्रॅम पूर्ण बंद केला. इतिहास नुसता पुसला असता तर पुढच्या कॉपीला तो पुन्हा भरायला लागला असता. पासवर्ड कॉपी न करता मॅनेजरकडूनच रकान्यात टाईप करवून घेतला, तोही रेकॉर्डर बंद असताना. सूचनाही बंद ठेवल्या. त्या चौकटीबाहेर येतात हे खरं, पण ताईंच्या पट्ट्यातला एखादा फुगा डावीकडे सरकणार नाही, अशी चार पिक्सेलांवर भिस्त ठेवायची माझी तयारी नाही. बँकेची खिडकीही आणखी ३० पिक्सेल उजवीकडे सरकवली.

यावेळी अकरा मिनिटं, ८८ पानं. निम्मी ताईंनी पाहिली, निम्मी मी, मग अदलाबदल केली. माउस आणि प्रोग्रॅमचे स्वतःचे मेन्यू, याशिवाय काही नाही. पहिल्या फाइलच्या शेवटच्या पाच सेकंदांतली प्रत्येक फ्रेम वेगळी काढून पाहिली, कारण रेकॉर्डर बंद करायला उशीर झाला तर पासवर्डचं पहिलं अक्षर तिथेच सापडणार. रकाना शेवटच्या फ्रेमपर्यंत रिकामा आहे.

दोन्ही जोडून आवाज भरला. १३ तारखेची `02.mkv`, `bhag2.mp4`, त्या दिवशीची सगळी `tapas` आणि `lapleli` चित्रं पुसली. पासवर्ड त्यांतल्या तीन चित्रांतही होता, हे ताईंनी लक्षात आणून दिलं.